दुकानातल्या जुन्या माणसाची वार्षिक नोंद कशी लिहावी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या मॅचिंगच्या दुकानात तीनच माणसं काम करतात: आमचे जुने नोकर काका, एक पोरगा आणि मी. बाबा संध्याकाळी गल्ल्यावर बसतात, आई सणासुदीला येते. काका दुकानात आले तेव्हा मी शाळेत होतो, आणि अजूनही ते मला गिऱ्हाइकांसमोर ‘बाबू’ म्हणतात. दुकान माझ्या हातात आल्यावर मी ठरवलं की वर्षातून एकदा प्रत्येकाच्या कामाची लेखी नोंद करायची. पोराची दहा मिनिटांत झाली. काकांच्या नोंदीला तीन आठवडे लागले, आणि पहिला मसुदा फाडावा लागला.

घरचं दुकान नुकतंच हातात आलेल्यांसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपनीत यासाठी छापील फॉर्म असतात, एक ते पाच गुण असतात. ते इथं आणू नका. ज्या माणसानं आपल्याला कापड मोजायला शिकवलं त्याला पाचपैकी साडेतीन देऊन काय सांगणार? अर्धं पान पुरतं. पण त्या अर्ध्या पानासाठीची तयारी वर्षभर चालते.

वेळ कोणती

बहुतेक जण हा विषय दिवाळीत काढतात, कारण तेव्हा बोनस द्यायचा असतो. नेमकी तीच वेळ टाळा. दिवाळीत लिहिलेल्या नोंदीत फक्त दिवाळीच असते. नवरात्रापासूनची गर्दी डोळ्यांसमोर असते, आणि मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसताना काकांनी काय केलं ते आठवत नाही. शिवाय बोनसच्या पाकिटासोबत दिलेला कागद कोणी वाचत नाही, पाकीटच उघडतो. आमच्या धंद्यात लग्नसराई संपली की आषाढ मोकळा असतो. मी जुलैचा पहिला आठवडा धरला. पगारवाढीचं बोलणं वेगळ्या दिवशी ठेवलं आणि ते काकांना आधीच सांगून टाकलं, नाहीतर माणूस प्रत्येक वाक्यातून आकडा शोधत बसतो.

वर्षभराची छोटी वही

गल्ल्याच्या खणात एक छोटी वही ठेवा. काही डोळ्यांत भरण्यासारखं घडलं तर त्याच दिवशी दोन ओळी लिहा: तारीख, काय झालं, कोणासमोर झालं. ‘काका आज छान वागले’ असं लिहू नका, सहा महिन्यांनी त्याचा काही अर्थ लागत नाही. वर्षाला दहा-बारा नोंदी झाल्या तरी पुष्कळ.

माझ्या वहीतली एक नोंद देतो. ‘१२ फेब्रुवारी. वाइन रंगाची सिल्क साडी. काउंटरवर रुबियाचा पीस बरोबर जुळत होता, मी कापायलाच सांगितला. काका साडीचा पदर आणि ताका घेऊन बाहेर पायरीवर गेले. उन्हात पीस लालसर दिसला. तो दिला नाही, दुसऱ्या ताक्यातला दिला. १५ तारखेला तीच बाई बहिणीला घेऊन आली, चार साड्यांचं मॅचिंग नेलं.’

मॅचिंगच्या धंद्यात कसब म्हणतात ते हेच. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांतून आलेले असले, तर कधी कधी ट्यूबलाइटखाली ते एकसारखे दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात. नवा माणूस काउंटरवरच ‘जुळलं’ म्हणून कात्री चालवतो. बाई घरी जाऊन खिडकीत धरते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. कापलेला पीस परत घेता येत नाही, मग वाद होतो. ‘रंगाची उत्तम जाण’ या तीन शब्दांत यातलं काहीच येत नाही. पायरीवर नेलेला ताका लिहिला की सगळं येतं.

रुजू झाल्याची तारीख शोधा

ही बारीकशी गोष्ट आहे, पण सोडू नका. काका म्हणाले, एकवीस वर्षं झाली. बाबा म्हणाले, वीस. शेवटी माळ्यावरून जुने रोजमेळ काढले. ११ जून २००४ च्या पानावर काकांच्या नावावर पहिली उचल सापडली. म्हणजे काका बरोबर होते.

ग्रॅच्युइटीचा कायदा साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो. आमच्यासारख्या तीन माणसांच्या दुकानात हजेरीपट धड नसतो, नेमणुकीचं पत्र तर नसतंच. तिथं माणसाची वर्षं फक्त मालकाच्या आठवणीत राहतात, आणि मालकाची आठवण स्वतःच्या सोयीनं चालते. म्हणून नोंदीची पहिली ओळ रुजू झाल्याच्या तारखेची. तारखेचा पुरावा मिळाला नाही तर दोघांनी बसून एक महिना आणि वर्ष ठरवा आणि ‘उभयतांच्या माहितीप्रमाणे’ असं लिहा.

चूक लिहिण्याआधी चूक तपासा

आता माझा फाडलेला मसुदा.

जूनमध्ये मालाची मोजदाद करताना लक्षात आलं की टू बाय टू रुबियाचे ताके लवकर संपतायत. बिलावर ताका २० मीटरचा. आम्ही ब्लाउज पीस ८० सेंटीमीटरचा देतो, म्हणजे एका ताक्यातून २५ पीस निघायला हवेत. विक्री जुळवून पाहिली तर २३ च निघत होते. कापायचं काम बहुतेक काकांकडे. मी मसुद्यात लिहून टाकलं: ‘कापताना हात सैल. प्रत्येक ताक्यामागे दोन पिसांचं नुकसान.’ वाक्य छान ठसठशीत वाटलं होतं.

देण्याच्या आदल्या संध्याकाळी, सहज म्हणून, काकांनी कापून ठेवलेले पाच पीस घेतले आणि लोखंडी मीटरवर लावले. वैधमापन विभागाचा शिक्का असलेला तो मीटर आमच्याकडे भिंतीला टांगलेलाच असतो, फारसा कोणी वापरत नाही. पाचही पीस ८४ सेंटीमीटर भरले. एक ८२, एक ८७, एक ८३ असं काही नाही. सगळे बरोबर ८४.

इथं थांबून विचार करा. हात सैल असेल तर मापं कमीजास्त येतात. सगळी मापं एकाच आकड्यानं चुकत असतील तर हाताचा दोष नाही, मापाचा आहे. कटपीसच्या टोपल्यात पाहिलं तर तिथंही तेच. ८४ चे २३ पीस म्हणजे १९ मीटर ३२ सेंटीमीटर, उरतात ६८. टोपल्यात रुबियाचे तेवढ्याच लांबीचे तुकडे एकावर एक पडले होते.

मग काउंटरवर मीटर आडवा ठेवला. आमच्याकडे काउंटरच्या कडेला मापाचे पितळी खिळे आहेत. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मी काउंटरला नवा सनमायका लावून घेतला, तेव्हा सुतारानं खिळे काढून पुन्हा ठोकले. ८० चा खिळा ८४ वर बसला होता. ठोकून झाल्यावर मोजून पाहणं माझं काम होतं, मी पाहिलं नाही.

काकांना विचारलं तर म्हणाले, “मले वाटलं पीस मोठा होऊन राहिला. पण म्हटलं, शिंपी लोक कमी पडते कमी पडते म्हणून बोंबलत होते ना, तर बाबूनंच वाढवला असंल.”

मालक काही न सांगता बदल करतात आणि नोकरांनी ते समजून घ्यायचं असतं, हे ते एकवीस वर्षांत शिकले होते. एकदा बाबा, एकदा मी, एकदा आई, तिघांचे तीन हुकूम. विचारलं तर ‘एवढंही कळत नाही का’ हे ऐकावं लागायचं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. मसुदा फाडला तो यासाठी.

तेव्हा नवख्यांनी एवढं कराच. नोंदीत आकड्याची कोणतीही तक्रार घालायच्या आधी तेच काम त्याच जागी, त्याच हत्यारानं स्वतः करून पाहा. गल्ल्यात पैसे कमी येत असतील तर एक दिवस स्वतः गल्ल्यावर बसा. क्यूआर कोडची रक्कम चुकत असेल तर माणूस जिथं उभा राहतो तिथं त्या डबीचा आवाज ऐकू येतो का ते पाहा.

खरी उणीव कशी लिहायची

खिळ्याचं प्रकरण मिटलं म्हणजे काकांत काही उणं नव्हतं असं नाही. वहीत तीन नोंदी होत्या: ९ एप्रिल, २ मे आणि २० मे. तिन्ही वेळा गिऱ्हाइकानं फॉल मागितला, काका म्हणाले ‘संपला’, आणि माल वरच्या फळीवर होता. तिसऱ्या वेळी तर गिऱ्हाईक आमचाच नेहमीचा शिंपी होता. त्यानं बाजूच्या दुकानातून घेतला आणि मला येऊन सांगितलं.

ही गोष्ट खरी होती आणि लिहायलाच हवी होती. फक्त लिहिण्याआधी मी काकांशी एकट्यात बोललो. थोडा वेळ इकडचं-तिकडचं झालं, मग म्हणाले की शिडीवर चढताना गुडघा साथ देत नाही. सांगितलं तर बाबू म्हणेल आता घरी बसा, म्हणून सांगितलं नाही.

गुडघ्याचं मी नोंदीत लिहिलं नाही. कागद कुठंही पडतो, कोणाच्याही हाती लागतो, आणि माणसाची तब्येत ही दुकानाच्या कागदावरची गोष्ट नाही. नोंदीत चार गोष्टी याव्यात: काय घडलं, किती वेळा, त्यानं दुकानाचं काय झालं, आणि आता दोघांनी काय ठरवलं. ‘खोटं बोलतात’ हा शब्द माझ्या तोंडावर आला होता. पण त्यानं माणूस लहान होतो आणि फळी आहे तिथंच राहते. आम्ही फळ्या बदलल्या. लाल, मरून, हिरवा, काळा असे रोज खपणारे फॉल कमरेच्या उंचीवर आले, क्वचित लागणारे रंग वर गेले. शिडी पोरानं चढायची.

आपल्या भागाची उणीव त्याच कागदावर लिहायची. खिळ्याची चूक माझी होती, तीही नोंदीत आहे. बाबांना ते पटलं नाही. “मालकाच्या चुका नोकराच्या कागदावर काऊन?” असं म्हणाले. मला वाटतं, नाहीतर उद्या कोणी जुने आकडे काढले की दोष काकांवरच जाईल.

काही शब्द टाळा

‘प्रामाणिक’ हा शब्द हमखास सुचतो. एकवीस वर्षं गल्ल्याची किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याला ‘तुम्ही प्रामाणिक आहात’ असं लिहून द्यायचं म्हणजे वर्षभर शंका होती असंच झालं. ज्यानं विश्वास दिसेल ती गोष्ट लिहा: किल्ली त्यांच्याकडे असते.

‘घरच्यासारखे’ यापासून तर दूरच राहा. घरच्यासारखे म्हणून रविवारी गाठोडी उतरवायला बोलावलं जातं, घरच्यासारखे म्हणून त्याचे पैसे दिले जात नाहीत. ज्याला हा शब्द चिकटतो त्याला तो कधी वापरला जातो हे चांगलं ठाऊक असतं.

आणि ‘वय झालं तरी’ हे कौतुक नाही. पोराशी तुलनाही नको. पोरगा भराभर बिल बनवतो, काका हळू बनवतात. पण पोरानं कापलेल्या अस्तरावर, ‘रात्रभर पाण्यात भिजवून मग शिवायला द्या, सुती आहे, आटेल’ हे सांगायचं राहून जातं. दोघांची कामं वेगळी आहेत.

वाचून दाखवा, मग पक्की करा

कागद हातात देऊन निघून जाऊ नका. आम्ही दुपारी अडीचला शटर अर्धं ओढलं, पोराला जेवायला पाठवलं, चहा मागवला. गल्ल्याच्या त्या बाजूला मी आणि या बाजूला काका असं न बसता दोघं कापडाच्या गादीवर बसलो. मी मोठ्यानं वाचलं. काकांचा चष्मा घरी राहिला होता, आणि खरं सांगायचं तर तो असता तरी मी वाचूनच दाखवलं असतं. वाचताना आपलंच वाक्य कुठं टोचतं ते आपल्यालाही कळतं.

संपल्यावर काका बराच वेळ बशी पुसत बसले. मग म्हणाले, “उधारीचं काऊन नाही लिवलं?”

आमच्याकडे चौदा शिंपी खात्यावर माल नेतात. त्यांची उधारी दर महिन्याला काका सायकलवर फिरून गोळा करतात. भांडण नाही, तगादा नाही, जाता जाता चहा पिऊन पैसे घेऊन येतात. गेल्या वर्षात एकाही खात्यावर दोन महिन्यांपेक्षा जुनी बाकी राहिली नव्हती. माझ्या वहीत याची एकही नोंद नव्हती, कारण कधी काही बिघडलंच नाही. जुन्या माणसाच्या बाबतीत ही चूक ठरलेली आहे. जे काम तो इतकं सुरळीत करतो की आवाज होत नाही, तेच वहीतून निसटतं. म्हणून वाचून झाल्यावर विचारायचंच: यात काय राहिलं? आणि तो जे सांगेल ते त्याच्या शब्दांत घालायचं.

शेवटी पक्की झालेली नोंद अशी. नाव काढून टाकलं आहे.

> कामाची वार्षिक नोंद: जुलै २०२४ ते जून २०२५
>
> श्री. ______, दुकानात रुजू ११ जून २००४ (रोजमेळाप्रमाणे). काम: विक्री, कापणी, शिंप्यांची खाती. दुकानाची व गल्ल्याची किल्ली यांच्याकडे असते.
>
> रंग जुळवताना कापड उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय कापत नाहीत. १२ फेब्रुवारीला यामुळे एक चुकीची विक्री टळली आणि तेच गिऱ्हाईक तीन दिवसांनी चार साड्या घेऊन आलं.
>
> चौदा शिंप्यांची उधारी स्वतः फिरून आणतात. या वर्षात दोन महिन्यांपेक्षा जुनी बाकी एकाही खात्यावर राहिली नाही.
>
> एप्रिल-मेमध्ये तीन वेळा माल वरच्या फळीवर असताना ‘संपला’ असं सांगितलं गेलं. एक नेहमीचा शिंपी दुसरीकडे गेला. ठरलं असं: रोजचे रंग खालच्या फळीवर, शिडीचं काम दुसऱ्यानं करायचं, आणि माल नक्की नाही हे पाहिल्याशिवाय ‘संपला’ म्हणायचं नाही.
>
> ऑक्टोबर ते जून रुबियाचे पीस ८० ऐवजी ८४ सें.मी. कापले गेले. काउंटरचा खिळा चुकीच्या जागी बसला होता. ही चूक मालकाची. यापुढे मापात किंवा भावात बदल झाला तर मी एकटाच सांगेन, त्याच दिवशी.
>
> त्यांचं म्हणणं: “पोराले रंग पाहणं शिकवतो, पण त्याले सकाळच्या वेळी माह्याजवळ उभं ठेवा.”
>
> पुढचं बोलणं: ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. दोन प्रती काढल्या. एक त्या वर्षाच्या रोजमेळात चिकटवली, म्हणजे पुढच्या वेळी माळा धुंडाळायला नको. दुसरी काकांनी चार घड्या घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

तीन महिन्यांनी बोलणं करायचं असं लिहिलं असेल तर ते कराच, पाच मिनिटांचं का होईना. ऑक्टोबरमध्ये आम्ही फक्त फळीचा विषय घेतला. मधल्या काळात ‘संपला’ एकदाच चुकीचं सांगितलं गेलं होतं, तेही पोरानं. आणि सकाळी अकरापर्यंत पोरगा काकांच्या शेजारी उभा असतो. परवा एक बाई मोरपंखी साडी घेऊन आली तेव्हा तो कोणी न सांगता ताका घेऊन पायरीवर गेला. काकांनी इथूनच ओरडून सांगितलं, “अरे, सावलीत नको, उन्हात धर!”